घडी उघडताना भोक भलतीकडे का जातं

प्रश्न: परीक्षेत दुमडलेल्या कागदाला भोक पाडलेलं दाखवतात आणि कागद उघडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील ते विचारतात. कागद आडवा-उभा दुमडला असेल तर मला जमतं. पण तिरकी घडी आली, किंवा घडी बरोबर अर्ध्यावर नसली, की उघडलेल्या कागदावरचं एखादं भोक चुकतंच. घड्या शेवटापासून उलट्या उघडायच्या हे मला माहीत आहे आणि मी तसंच करतो. मग नेमकं कुठे चुकतंय?

उलटा क्रम बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. घडी उघडताना प्रत्येक भोकाचं प्रतिबिंब पडत नाही. जे भोक दुमडलेल्या पदरातून आरपार गेलं आहे, त्याचंच पडतं. आडव्या-उभ्या अर्ध्या घड्यांमध्ये दुमडलेला पदर उरलेल्या कागदाला अगदी काठोकाठ झाकतो. त्यामुळे तिथे सगळ्या भोकांची प्रतिबिंबं घेतली तरी उत्तर बरोबर येतं आणि सवय तशीच पडते. तिरकी घडी किंवा पाव घडी आली की पदर अर्धवट झाकतो, आणि तीच सवय अंगाशी येते. तुम्ही ज्या दोन प्रकारांत चुकता म्हणता, त्या दोन्हींच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. शेजारी चौकोनी कागद आणि टाचणी घेऊन बसलात तर फार बरं. कागदावर चार ओळी आणि चार रकाने आखा, म्हणजे सोळा घरं होतील. ओळी वरून खाली मोजू, रकाने डावीकडून उजवीकडे. (३,१) म्हणजे तिसरी ओळ, पहिला रकाना. भोक नेहमी घराच्या मधोमध पडतं असं धरू. अशा प्रश्नांत बहुधा हीच सोळा घरांची जाळी मनात धरलेली असते, चित्रात ती काढलेली नसली तरी.

पहिली घडी तिरकी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतची रेघ धरा आणि वरचा उजवा कोपरा खालच्या डाव्या कोपऱ्यावर आणा. आता कागद त्रिकोणी झाला. काटकोन खाली डावीकडे आहे आणि सगळीकडे दोन थर आहेत. दुसरी घडी आडवी. त्रिकोणाचं वरचं टोक सरळ खाली आणून डाव्या खालच्या कोपऱ्यावर टेकवा. घडीची रेघ मूळ कागदाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये येईल. आता फक्त खालच्या दोन ओळींत कागद उरला. त्याचा आकार असा आहे: डावी कड उभी, खालची कड पूर्ण लांबीची, वरची कड अर्ध्या लांबीची, आणि उजवी कड तिरकी उतरत गेलेली.

इथे एक क्षण थांबा. खाली आलेला पदर किती जागा झाकतो ते नीट पाहा. तो एक लहान त्रिकोण आहे. (३,१) हे घर तो पूर्ण झाकतो. (३,२) आणि (४,१) ही घरं तो कर्णावर अर्धी अर्धी झाकतो. (४,२) ला फक्त कोपऱ्याशी टेकतो, आणि पलीकडच्या घरांना शिवतही नाही. म्हणजे (३,१) मध्ये चार थर आहेत आणि (४,२) मध्ये दोनच. तुम्हाला जी गोष्ट निसटते आहे ती हीच. उघडायला लागण्याआधी थर मोजायचे असतात, उघडून झाल्यावर नाही.

आता (३,१) मध्ये भोक पाडू आणि मागे येऊ. शेवटची घडी आडवी होती, म्हणून ती आधी उघडायची. भोक घडीच्या रेघेला लागून असलेल्या घरात आहे, त्यामुळे प्रतिबिंबही रेघेच्या पलीकडच्या लगतच्या घरात, (२,१) मध्ये पडेल. आता आपल्याकडे पुन्हा मोठा त्रिकोण आहे आणि त्यात दोन भोकं आहेत. पुढे तिरकी घडी उघडायची. या कर्णाच्या घडीत ओळ आणि रकाना यांची अदलाबदल होते, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरतं. (३,१) वरून (१,३) आणि (२,१) वरून (१,२). एकूण चार भोकं झाली: (३,१), (२,१), (१,३) आणि (१,२).

आता घड्या त्याच ठेवा, फक्त भोक (४,२) मध्ये पाडा. आडवी घडी उघडली की रेघेपासून दुसऱ्या ओळीत असलेलं हे भोक पलीकडे दुसऱ्या ओळीत, म्हणजे (१,२) मध्ये उमटायला हवं असं वाटतं. तिथे घर आहे, ते मूळ कागदाच्या आतही आहे, म्हणून शंका येत नाही. पण त्या क्षणी तिथे कागदच नाही. पहिल्या तिरक्या घडीने तो कोपरा आधीच खाली नेला आहे आणि त्रिकोण कर्णाच्या खालच्या बाजूलाच आहे. (१,२) कर्णाच्या वर आहे. म्हणून आडवी घडी उघडताना नवीन भोक मिळत नाही. मग तिरकी घडी उघडली की (४,२) वरून (२,४) मिळतं, आणि उत्तर संपलं. दोनच भोकं.

सवयीने प्रतिबिंब घेत गेलात तर (१,२) आणि (२,१) ही दोन भोकं जादा येतात. विचित्र गोष्ट अशी की हे चुकीचं उत्तरही कर्णाच्या दोन्ही बाजूंना छान सारखं दिसतं. प्रश्न तयार करणारा पर्याय म्हणून नेमकं हेच चित्र देतो. त्यामुळे 'प्रतिबिंब कुठे पडेल' याच्याआधी 'प्रतिबिंब पडतं का' हे विचारायचं. आणि त्याचं उत्तर मूळ कागदाकडे बघून द्यायचं नाही, त्या टप्प्यावरच्या दुमडलेल्या कागदाकडे बघून द्यायचं. यासाठी मी प्रत्येक घडीनंतरच्या कागदाची कड वेगळ्या छोट्या चौकटीत काढून ठेवायला सांगतो. दोन घड्या असतील तर दोन चित्रं, तीन असतील तर तीन. उघडताना मागच्या चित्राकडे जायचं आणि प्रतिबिंब त्या कडेच्या आत पडतंय का ते पाहायचं. बाहेर पडलं की सोडून द्यायचं.

अर्ध्या झाकलेल्या घरांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण तिथे विषम संख्या येते आणि विषम संख्या दिसली की बरेच जण आपलंच चुकलं असं धरून चालतात. (४,१) मध्ये भोक पाडा. खालचे दोन थर पूर्ण कापले जातात. वरून आलेल्या पदराची तिरकी कड मात्र त्या घराच्या मधून जाते, म्हणून पदरावर अर्धंच भोक पडतं. पण ती तिरकी कड कोणती आहे? ती पहिल्या घडीची रेघ आहे, म्हणजे पदराचे दोन थर तिथे एकमेकांना जोडलेले आहेत. आडवी घडी उघडली की ते अर्धं भोक (१,१) मध्ये, कर्णाला चिकटून जातं. तिरकी घडी उघडली की त्याचा दुसरा अर्धा भाग मिळतो आणि (१,१) मध्ये एक अख्खं गोल भोक तयार होतं. (४,१) चं प्रतिबिंब (१,४). एकूण तीन भोकं. (३,२) मध्येही असंच होतं आणि (३,२), (२,३), (२,२) अशी तीन भोकं येतात. (३,३) मध्ये भोक पाडलं तर ते थेट तिरक्या घडीच्या रेघेवर बसतं. तिथे थर दोन आहेत, पण भोक एकच उमटतं.

घडीच्या रेघेवरचं भोक उघडताना दुप्पट होत नाही, हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्याचं कारण हे असं आहे. दुमडलेल्या कागदावर ते अर्धंच असतं आणि उघडल्यावर पूर्ण होतं. चित्रात घडीच्या कडेला अर्धवर्तुळ दिसलं तर आधी ती कड घडीची आहे की कागदाची मूळ कड आहे ते तपासा. घडीची असेल तर पूर्ण वर्तुळ होईल. मूळ कड असेल तर तिथे खाचच राहील.

आता पडताळणी. मला स्वतःला ती फार आवडते, कारण तिच्यात कल्पनेचा भाग अजिबात नाही. दुमडलेल्या कागदाच्या प्रत्येक घरात भोक पाडल्यावर किती भोकं मिळतात ते लिहा. (३,१) मध्ये ४, (३,२) मध्ये ३, (४,१) मध्ये ३, (४,२) मध्ये २, (३,३) मध्ये १, (४,३) मध्ये २ आणि (४,४) मध्ये १. बेरीज करा: ४ + ३ + ३ + २ + १ + २ + १ = १६. ही सोळा येणारच, कारण मूळ कागदाचं प्रत्येक घर दुमडल्यावर कुठल्या तरी एकाच जागी जाऊन बसलेलं असतं. बेरीज सोळापेक्षा जास्त आली तर कुठे तरी नसलेल्या कागदाला भोक पाडलं आहे. कमी आली तर एखादा थर राहिला आहे. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला एवढा वेळ नसतो, पण सरावात पंधरा-वीस कागदांवर हे केलंत की थरांचा अंदाज डोळ्यालाच यायला लागतो.

आता क्रमाबद्दल. तुम्ही उलट्या क्रमानेच उघडता म्हणालात, तरी गडबडीत क्रम कसा सुटतो ते सांगतो. आडवी आणि उभी घडी असेल तर कोणतीही आधी उघडा, उत्तर तेच येतं. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन रेघांमध्ये प्रतिबिंबाचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही. म्हणून सोप्या प्रश्नांत क्रम चुकल्याचं कळतच नाही. वरच्याच उदाहरणात (३,१) चं भोक घेऊन चुकून आधी तिरकी घडी उघडून पाहा. (३,१) वरून (१,३) मिळेल. मग आडव्या रेघेत प्रतिबिंब घेतलं की (३,१) वरून (२,१) आणि (१,३) वरून (४,३). संख्या चारच आली, पण (१,२) च्या जागी भोक (४,३) मध्ये गेलं. तुमचं 'एखादं भोक भलतीकडे' जातं ते बरेचदा असं.

हे का होतं ते खरा कागद उघडून पाहिल्यावर लख्ख दिसतं. आडवी घडी आपण एकच घातली, पण त्या वेळी कागद दुहेरी होता. त्यामुळे उघडलेल्या कागदावर त्या एका घडीचे दोन वळ दिसतात: एक डाव्या कडेच्या मध्यापासून केंद्रापर्यंत आडवा, आणि दुसरा वरच्या कडेच्या मध्यापासून केंद्रापर्यंत उभा. वरच्या उजव्या भागात दुसरी घडी उभी होऊन बसली आहे! म्हणून (१,३) चा जोडीदार खाली (४,३) मध्ये नसून शेजारी (१,२) मध्ये आहे. आडवी घडी म्हणजे कागदभर आडवी रेघ, असं मनात धरलं की हमखास चुकतं. पहिली घडी तेवढी कागदावर एकच सरळ वळ सोडते. पुढच्या घड्यांचे वळ थर असतील तेवढ्या जागी, त्या त्या थराच्या दिशेने उमटतात.

याचाच एक उपयोग पर्याय गाळताना होतो. पहिल्या घडीने कागदाचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसले असतील, तर उघडलेलं चित्र त्या पहिल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखंच असलं पाहिजे. आपल्या चार भोकांत (३,१)-(१,३) आणि (२,१)-(१,२) या जोड्या कर्णाच्या दोन बाजूंना आहेत. जो पर्याय हे पाळत नाही तो बाद. दुसऱ्या किंवा तिसऱ्या घडीच्या रेघेला मात्र ही कसोटी लावू नका. तिथे ती खोटी ठरते आणि बरोबर पर्यायच हातातून जातो.

अर्ध्यावर नसलेली घडी. यात पद्धत तीच आहे, फक्त रेघेपासूनचं अंतर मोजायला चुकायचं नाही. कागदाची सर्वात खालची ओळ वर दुमडून तिसऱ्या ओळीवर आणा, मग डावा अर्धा भाग उजव्या अर्ध्यावर आणा. आता (३,४) आणि (१,३) मध्ये भोकं पाडा. डावा भाग परत उघडला की (३,४) वरून (३,१) आणि (१,३) वरून (१,२). मग खालची पट्टी उघडायची. तिची रेघ तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये आहे. तिसऱ्या ओळीतली दोन्ही भोकं चौथ्या ओळीत उतरतात: (४,४) आणि (४,१). पहिल्या ओळीतली भोकं पट्टीखाली नव्हतीच, ती तशीच राहतात. एकूण सहा. इथे होणारी चूक ठरलेली आहे. सवयीमुळे डोळा कागदाच्या मध्यावर आरसा ठेवतो आणि तिसऱ्या ओळीचं प्रतिबिंब दुसऱ्या ओळीत टाकतो. म्हणून घडीची रेघ चौकटीत ठळक काढा आणि घरं त्या रेघेपासून मोजा.

तिरकी घडी कोपऱ्याची असेल, म्हणजे रेघ मुख्य कर्णावरून जात नसेल, तर ओळ-रकान्याची साधी अदलाबदल चालत नाही. समजा, वरचा उजवा कोपरा कागदाच्या केंद्रावर आणला. घडीची रेघ वरच्या कडेच्या मध्यापासून उजव्या कडेच्या मध्यापर्यंत जाते. (२,३) मध्ये भोक पाडलं तर ते रेघेला काटकोनात, म्हणजे वर-उजवीकडे तिरकं सरकून (१,४) मध्ये पडतं. घराच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात जायचं आणि रेघेच्या अलीकडे जेवढं चाललो तेवढंच पलीकडे चालायचं. हे डोळ्यासमोर येत नसेल तर वही फिरवा, रेघ उभी दिसेपर्यंत. तिरक्या रेघेतलं प्रतिबिंब डोळ्याला जड जातं, उभ्या रेघेतलं सहज दिसतं. वही फिरवण्यात कमीपणा काहीच नाही. पडद्यावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर रेघ काढून तो कागद फिरवा.

दोन लहान गोष्टी. पदर पुढे दुमडला की कागदाच्या मागे, याने भोकांच्या जागा बदलत नाहीत. टोचा सगळ्या थरांतून आरपार जातो, म्हणून मागे गेलेला पदर चित्रात दिसत नसला तरी थर मोजताना धरायचाच. आणि काही चित्रांत दुमडलेला कागद मूळ जागेवर ठेवून त्याचा गेलेला भाग तुटक रेघेने दाखवतात, तर काहींत दुमडलेला तुकडाच तेवढा मध्ये आणून छापतात. दुसऱ्या प्रकारात तो तुकडा आधी सोळा घरांत मूळ जागी नेऊन बसवा, मगच पुढे जा. नाहीतर पद्धत बरोबर असूनही सगळी भोकं एखादं घर सरकतात.

भोक गोल नसून त्रिकोणी असेल तर जागेबरोबर दिशाही उलटते. आपल्या पहिल्या उदाहरणात (३,१) मध्ये टोक वर असलेला त्रिकोण कापला, तर (२,१) मध्ये टोक खाली येईल. तिरकी घडी उघडली की वरचं टोक डावीकडे वळतं आणि खालचं उजवीकडे. म्हणजे (१,३) मध्ये टोक डावीकडे आणि (१,२) मध्ये उजवीकडे, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून. त्यांच्यामधून दुसऱ्या घडीचा तो उभा वळ जातो हे आठवलं तर ते तसं का आहे हेही लगेच पटतं.

आता तुमच्या चुका तुम्हीच तपासा. आधी चुकलेले दहा-बारा प्रश्न काढा आणि प्रत्येकात एकच गोष्ट बघा: तुमच्या उत्तरात भोकांची संख्या बरोबर होती का? संख्याच चुकली असेल तर दोष थर मोजण्यात आहे. मग सध्या पर्याय बघूच नका, फक्त टप्प्याटप्प्याच्या कडा काढून प्रत्येक भोकाखाली किती थर आहेत तेवढंच लिहा. संख्या बरोबर पण जागा चुकली असेल तर क्रम तरी सुटला आहे किंवा आरशाची रेघ भलतीकडे धरली आहे. असा प्रत्येक प्रश्न खऱ्या कागदावर दुमडून टाचणीने टोचा. मग कागद एकदम न उघडता एक घडी उघडून थांबा, तुमच्या त्या टप्प्याच्या चित्राशी ताडून पाहा, आणि मगच पुढची उघडा. चूक नेमकी कोणत्या घडीपाशी झाली ते तिथल्या तिथे दिसेल. सगळा कागद एका झटक्यात उघडलात तर फक्त उत्तर चुकल्याचं कळेल.